‘आठ दिवस’ म्हणजे नेमके किती दिवस?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याने मध्यंतरी आपल्या स्थायी आदेशांचे मराठी रूप ‘सोपे’ करून घेतले. कारखान्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मजकूर माझ्याकडे तपासणीला आला, तेव्हा सोबत एक तक्ताही होता. एका स्तंभात जुन्या मजकुराची सरासरी वाक्यलांबी, दुसऱ्यात नव्याची, तिसऱ्यात वाचनाची इयत्ता. नव्या मजकुराला पाचवीची पातळी मिळाली होती. तक्त्याखाली शेरा होता : ‘वाचनीयता सिद्ध.’

या शेऱ्यातल्या ‘सिद्ध’ या शब्दाशी माझे भांडण आहे. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या भागांतल्या कारखान्यांसाठी मी बरीच वर्षे असे मजकूर मराठीत आणते. वाक्य मोजले, इयत्ता काढली की काम संपले, हा समज या वर्षांत घट्ट होत गेलेला मी पाहिला आहे. तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. निवाडा वाचकांनी करायचा आहे, म्हणून आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडते.

पूर्वपक्ष असा. पहिले, लांब वाक्य वाचताना सुरुवातीचे शब्द स्मरणात धरून ठेवावे लागतात. वाक्य जितके लांब, तितका हा भार जास्त. तेव्हा लांबी मोजणे म्हणजे भारच मोजणे. दुसरे, शब्द जितका लांब तितका सहसा कठीण. म्हणून वाक्यलांबी आणि शब्दलांबी यांतून वाचनाची इयत्ता काढता येते. ही काही कालची टूम नाही. रुडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र 1948 सालचे आहे. 1975 मध्ये किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी ते इयत्तांच्या भाषेत बसवले. तिसरे, मोजमाप निःपक्ष असते. आठ-दहा माणसांना कागद वाचायला देऊन त्यांचे मत विचारणे हा व्यक्तिनिष्ठ प्रकार झाला. त्यात माणसे थोडी, वेळ जातो आणि त्यासाठी लाइन थांबवायची कोणी?

म्हणणे बिनबुडाचे नाही. पहिल्या मुद्द्यात तर अर्धे सत्य आहे. पण उरलेल्या अर्ध्यावर एखाद्याची नोकरी अवलंबून असते.

आता पुरावा पाहू. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम 1946 सालचा. प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराशी किंवा त्याच्या जवळ फलकावर लावावेत, असे त्याचे नववे कलम 2025 मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत सांगत असे. म्हणजे ‘समजणारी भाषा’ ही अट कायद्यानेच घातली. याच कायद्याखालच्या केंद्रीय नियमांना आदर्श स्थायी आदेशांचा नमुना जोडलेला होता आणि त्यात रजा संपल्यावरही न परतणाऱ्या कामगाराविषयी एक तरतूद होती. तिचा आशय नेहमीच्या कार्यालयीन मराठीत साधारण असा उतरतो :

‘मंजूर झालेल्या अथवा त्यानंतर वाढवून देण्यात आलेल्या रजेच्या मुदतीनंतरही जो कामगार गैरहजर राहील त्याचा, तो रजा संपल्यापासून आठ दिवसांच्या आत कामावर परत आल्याखेरीज व मुदतीत परत येण्यास असमर्थ ठरल्याबाबत व्यवस्थापकाचे समाधान होईल असा खुलासा केल्याखेरीज, पदावरील धारणाधिकार संपुष्टात येईल, मात्र असा कामगार बदली यादीत ठेवला जाण्यास पात्र असेल.’

शब्द 48, वाक्य एक. फूटपट्टीने याला नापास केले आणि ते योग्यच केले. मग सुधारणा झाली :

‘कामगाराने रजा संपताच कामावर यावे. उशीर झाल्यास आठ दिवसांच्या आत हजर व्हावे. उशिराचे कारण व्यवस्थापकास पटवून द्यावे. अन्यथा पदावरील हक्क संपेल. अशा कामगाराचे नाव बदली यादीत राहील.’

शब्द 27, वाक्ये पाच, सरासरी 5.4. फूटपट्टी खूश. हा मसुदा मी त्याच कारखान्यातल्या आठ कामगारांपुढे ठेवला. सगळ्यांनी तो एका दमात वाचला. ‘सोपं आहे, मॅडम,’ असेही सगळे म्हणाले. मग मी एक प्रसंग सांगितला. रजा रविवारी 10 तारखेला संपली. कामगार आठ दिवसांच्या आत हजर झाला, पण उशीर का झाला हे त्याने कोणालाच सांगितले नाही. त्याचा हक्क राहिला की गेला?

बहुतेकांचे उत्तर आले : राहिला. आठ दिवसांत आला ना!

उत्तर चूक आहे. मूळ तरतुदीत दोन अटी ‘व’ने जोडलेल्या आहेत, दोन्ही पाळल्या तरच हक्क टिकतो. लांबलचक वाक्य बोजड होते खरे, पण त्यातल्या ‘आल्याखेरीज’ आणि ‘केल्याखेरीज’ या दोन कड्या एकाच क्रियापदाला अडकवलेल्या होत्या. वाक्य तोडले आणि कड्या निसटल्या. ‘कारण पटवून द्यावे’ हे आता स्वतंत्र वाक्य झाले आणि वाचणाऱ्याने ते शिष्टाचाराची सूचना म्हणून घेतले. पुढचे ‘अन्यथा’ नेमके कशाला लागू आहे? उशिराला, कारण न देण्याला, की दोहोंना? मजकूर सांगत नाही. लांबी घटली, कठिणाई दिसेनाशी झाली, अर्थ मात्र बिघडला. आधीच्या मजकुरापुढे कामगार निदान अडखळत होता, कोणाला तरी विचारत होता. नव्यापुढे तो निर्धास्तपणे चुकतो. दोहोंत धोकादायक कोणता?

मराठीत हे का होते, ते पाहण्यासारखे आहे. आपले मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाचकावर भार पडतो तो शब्दांच्या एकूण संख्येपेक्षा परस्परांशी बांधलेल्या शब्दांमधल्या अंतराचा. मूळ वाक्यात ‘त्याचा’ हा शब्द येतो आणि ‘त्याचा काय?’ याचे उत्तर, म्हणजे ‘धारणाधिकार’, 22 शब्दांनंतर सापडते. खरा दोष तिथे आहे. ‘आल्याखेरीज… संपुष्टात येईल’ ही नकाराची उलटी बांधणी हा दुसरा दोष. हे दोन्ही काढून टाकले, तर पंधरा-सतरा शब्दांचे वाक्यही सरळ वाचले जाते. न काढता नुसती कात्री चालवली, तर पाच शब्दांचे वाक्यही फसवते. इंग्रजीतही हा अनुभव नवा नाही. न्यायालयात ज्यूरींना दिल्या जाणाऱ्या सूचनांवर चॅरो दांपत्याने 1979 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सूचना न समजण्याचा दोष त्यांना निव्वळ वाक्यलांबीत सापडला नाही; एकावर एक नकार, क्रियांची केलेली नामे अशा बांधणीत सापडला. लांबी हे लक्षण आहे. ताप उतरवला म्हणजे रोग गेला, असे कोणता वैद्य म्हणेल?

आता दुसरा मुद्दा, इयत्तेचा. इंग्रजी सूत्र शब्दातले उच्चारी अवयव मोजते. मराठीत त्याच्या जागी अक्षरे मोजली जातात. मोजून पाहू. ‘धारणाधिकार’ : सहा अक्षरे. ‘कारखान्यामध्ये’ : सहा अक्षरे. सूत्राच्या लेखी दोन्ही सारखेच कठीण. पहिला शब्द शॉपफ्लोअरवर कोणाला विचारावा? दुसरा कोणाला येत नाही? ‘सुपरवायझरकडून’ या शब्दात दहा अक्षरे आहेत आणि तो चाकणला पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ मुलालाही कळतो. ‘सबब’ तीन अक्षरांचा आहे, पण नोटिशीत तो ‘म्हणून’ या अर्थाने येतो आणि वाचणारा ‘बहाणा’ असा अर्थ घेतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. शब्द लांबतो, कठीण होत नाही. हिंदी आणि बांगलासाठी इंग्रजी सूत्रे जशीच्या तशी चालत नाहीत, म्हणून आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये त्या भाषांसाठी वेगळी मापे मांडली. मग मराठी कागदावर अमेरिकी इयत्तेचा शिक्का कोणत्या आधारावर मारायचा?

या पट्ट्यातल्या वाचकाला हा मुद्दा एका वाक्यात पटावा. कारखान्यातल्या प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर असते. तारीख उलटून गेली असेल तर त्या गेजने मोजलेला भाग कोणताही क्वालिटी इन्स्पेक्टर पास करत नाही. वाचनीयतेचे हे गेज अमेरिकी विद्यार्थ्यांवर आणि नौसैनिकांवर कॅलिब्रेट झाले. मराठी कामगारावर ते कधी झाले?

आणि सगळ्यांत मोठा घोटाळा केला तो सगळ्यांत सोप्या शब्दाने. ‘बदली.’ तीन अक्षरे, जोडाक्षर नाही, दुसरीतल्या मुलालाही वाचता येईल असा. सूत्र त्याला पैकीच्या पैकी गुण देते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगार म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा. नियमातली बदली यादी ती हीच. पण चाकणच्या तरुण कामगाराने हा अर्थ ऐकलेलाच नाही. त्याला ठाऊक आहेत ते कंत्राटी, शिकाऊ, ट्रेनी, कायम. असेंब्ली लाइनवरच्या एका बाईंनी ते शेवटचे वाक्य वाचले आणि शांतपणे मला विचारले, ‘म्हणजे दुसऱ्या प्लांटला टाकणार? रांजणगावला?’ त्यांच्या लेखी ही शिक्षा सौम्य होती. प्रवास तेवढा वाढणार. वास्तविक तिथे लिहिले होते की कायम जागा गेली, आता काम मिळेल त्या दिवशी मिळेल. हा दोष कोणत्या सूत्राला सापडला असता? तो सापडला, कारण एक वाचणारी व्यक्ती समोर बसली होती.

तिसरा मुद्दा : आठ माणसांनी काय सिद्ध होते? याचे उत्तर देण्याआधी चाचणी नेमकी कशी घेतात, ते सांगायला हवे. कारण बहुतेकांच्या मनात असलेली चाचणी म्हणजे कागद फिरवून ‘समजलं का?’ असे विचारणे. त्या प्रश्नाला या पट्ट्यात एकच उत्तर मिळते : ‘हो साहेब.’ अशी चाचणी निरुपयोगी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. ती मी घेतच नाही.

मी वाचणारे निवडते ते वेगवेगळ्या खात्यांतले, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले, दहावीनंतर थांबलेले आणि आयटीआय झालेलेही. एचआरमधला कारकून घेत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असते. वेळ पगारी असते, शिफ्टच्या शेवटची थकलेली नसते आणि सुपरवायझर खोलीत नसतो. पहिले वाक्य ठरलेले : ‘परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे.’ मग प्रसंग देते आणि तीन गोष्टी पाहते. उत्तर कुठे लिहिले आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवता येते का? ते स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? त्या प्रसंगात आपण काय करू, ते बरोबर सांगता येते का? सापडणे, समजणे, वापरता येणे : साध्या भाषेविषयीचे 2023 चे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 24495-1 वाचनीय दस्तऐवजाकडून याच गोष्टी मागते. प्रश्नात मजकुरातला शब्द वापरायचा नाही, हा यातला कळीचा नियम. ‘धारणाधिकार कधी संपतो?’ असे विचारले, तर वाचणारा शब्द जुळवून ओळ दाखवतो. त्याला काही कळले असेलच असे नाही. ‘नोकरी कधी जाते?’ असे विचारावे लागते.

माणसे चुकली की मी समजावून सांगत नाही. चुकीची नोंद करते, मजकूर बदलते आणि नवा मजकूर नव्या माणसांपुढे ठेवते. त्याच माणसांना पुन्हा बसवले, तर आपण कागद तपासत नसतो, त्यांची स्मरणशक्ती तपासत असतो.

आता संख्येविषयी. किती टक्के कामगारांना हा मजकूर कळतो, असा प्रश्न असेल, तर आठ माणसे अगदी अपुरी आहेत. पण प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की या मजकुरात खड्डा आहे का आणि कुठे? तळेगाव चौकात एकाच खड्ड्यात तीन दुचाकी आदळल्या, तर खड्डा आहे हे ठरवायला चौथीची वाट कोण पाहतो? युरोपीय संघात औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक अशाच चाचणीतून जाते. प्रत्येकी दहा जणांच्या दोन फेऱ्या होतात. विचारलेली माहिती 90 टक्के लोकांना सापडावी आणि सापडलेल्यांपैकी 90 टक्क्यांना ती कळावी, म्हणजे वीसपैकी सोळा जणांनी पार पडावे, अशी कसोटी. औषध कसे घ्यावे हे ठरवायला वीस माणसे चालतात, तर रजेच्या नियमाला आठ आणि पुन्हा आठ का चालू नयेत?

व्यक्तिनिष्ठतेचा आरोप तर उलटाच बसतो. ‘मजकूर आवडला का?’ हे मत झाले. ‘कोणत्या तारखेपर्यंत हजर व्हायचे?’ याचे उत्तर बरोबर असते किंवा चूक. आम्ही हाच प्रश्न विचारला. रजा रविवारी 10 तारखेला संपली. आठ दिवसांच्या आत म्हणजे केव्हापर्यंत? उत्तरे वेगवेगळी आली. काही म्हणाले 17, कारण बोलीत ‘आठ दिवसांनी’ म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी. काही म्हणाले 19, कारण या भागात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि सुट्टी कशाला मोजायची? कायद्याची रीत वेगळी आहे. ‘पासून’ म्हटले की आरंभाचा दिवस वगळायचा, हे 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने घालून दिले आहे. सुट्ट्या वगळण्याविषयी तरतुदीत शब्द नाही. उत्तर 18. जो 19 ला येईल, तो आपण वेळेत आलो या समजुतीत येईल आणि एका दिवसाने चुकेल. ‘आठ दिवस’ या दोन शब्दांत कठीण काय आहे? फूटपट्टीला काहीच दिसले नाही.

लाइन थांबण्याच्या खर्चाचा हिशेबही करून टाकू. आठ माणसांची प्रत्येकी वीस मिनिटे, अशा दोन फेऱ्या. दुसऱ्या पारड्यात काय आहे? गैरहजेरीमुळे आपोआप नोकरी संपवणाऱ्या अशाच एका आदेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात 1993 मध्ये न्यायालयाने सांगितले, की कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याखेरीज असे करता येणार नाही. म्हणजे खुलाशाची अट ही शोभेची ओळ नाही. कामगाराचा बचाव तिच्यातच आहे. तुकडे केलेल्या मजकुरात नेमकी तीच ओळ निसटली होती.

दोन फेऱ्यांनंतर मजकूर असा झाला :

‘रजा संपूनही तुम्ही कामावर आला नाहीत, तर नोकरी टिकवण्यासाठी पुढील दोन्ही गोष्टी कराव्या लागतील. एक, रजेचा शेवटचा दिवस सोडून पुढचे आठ दिवस मोजा आणि आठव्या दिवसापर्यंत हजर व्हा. साप्ताहिक सुट्टीही मोजायची; म्हणजे रजा 10 तारखेला संपली असेल, तर 18 तारखेपर्यंत. दोन, वेळेवर का येता आले नाही याचे कारण व्यवस्थापकांना सांगा. ते कारण त्यांना पटले पाहिजे. दोन्हींपैकी एक गोष्ट जरी राहिली, तरी कायम जागेवरचा तुमचा हक्क जाईल. त्यानंतर, कोणी कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी काम मिळण्यासाठी तुमचे नाव बदली यादीत राहील. इथे बदली म्हणजे दुसऱ्या कारखान्यात पाठवणे नव्हे.’

शब्द 90. सरासरी 11.25. तुकडे केलेल्या मसुद्याशी तुलना केली, तर शब्द तिपटीहून अधिक आणि वाक्ये दुपटीहून लांब. फूटपट्टीच्या हिशेबाने मजकूर बिघडला. दुसऱ्या फेरीतल्या नव्या वाचकांनी मात्र तारीख 18 सांगितली आणि कारण देणे सक्तीचे आहे हेही सांगितले. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलत आहेत. विश्वास कोणावर ठेवायचा?

इथे माझ्या बाजूच्या मर्यादाही मांडते, नाहीतर खंडन एकांगी होईल. प्रमाणित आदेशाचे शब्द कारखान्याला परस्पर बदलता येत नाहीत. हा मजकूर प्रमाणित आदेशाशेजारी लावायचे खुलासापत्रक आहे, मूळ आदेशाची जागा तो घेत नाही. तो कायद्याला धरून आहे का, हे वाचकांची चाचणी सांगू शकत नाही. ते वकिलाने पाहिले. आणि बहुसंख्यांच्या भाषेतला कागद बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कामगारापर्यंत पोहोचला, असेही ही चाचणी सिद्ध करत नाही. त्याच्यासाठी त्याच्या भाषेतला कागद आणि त्याची स्वतंत्र चाचणी हवी.

फूटपट्टीही मी फेकून देत नाही. 48 शब्दांचे वाक्य तिनेच पकडून दिले. संपूर्ण दस्तऐवजातली कोणती कलमे आधी माणसांपुढे न्यायची, हे ठरवायला ती झटपट आणि जवळजवळ फुकट मदत करते. तिला संशय घेण्याचा अधिकार आहे, निर्दोष ठरवण्याचा नाही. कारखान्यात हा भेद सगळे जाणतात. गेजमध्ये पास झालेला भाग असेंब्लीत बसला नाही, तर ‘पण गेजमध्ये पास होता’ असे म्हणून कोणी गाडी पुढे ढकलत नाही. फिटमेंट ट्रायल त्यासाठीच असते. जो कारखाना साधा ब्रॅकेटही बसवून पाहिल्याशिवाय पास करत नाही, त्याने माणसाच्या नोकरीचा कागद नुसता मोजून पास करावा?

माझे म्हणणे संपले. वाचकाला साक्षीपुरावा हवा असेल, तर तो जवळच आहे. आपल्या कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकापुढे उभे राहा आणि शिफ्टला येणाऱ्या तिघांना थांबवून एवढेच विचारा : ‘रजा 10 तारखेला संपली, केव्हापर्यंत यायचं?’ 17, 19 आणि ‘साहेबांना विचारून सांगतो’ अशी उत्तरे आली, तर त्या कागदाची वाचनीयता ‘सिद्ध’ करणारा तक्ता फाइलमधून काढून ठेवा.